एकच ‘ॲक्टिव्ह कस्टमर’, सगळ्या डॅशबोर्डांवर

प्रश्न: अंधेरीच्या एका ऑनलाइन किराणा कंपनीत मी डेटा ॲनालिस्ट आहे. मार्केटिंग, फायनान्स आणि ऑपरेशन्स, तिघांच्या डॅशबोर्डवर ‘ॲक्टिव्ह कस्टमर’चा आकडा वेगळा दिसतो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये दर वेळी माझीच हजेरी घेतली जाते. आता साहेब म्हणतात, एक ग्लॉसरी बनव, त्यात व्याख्या लिही आणि सगळ्यांना मेल कर. सुरुवात कुठून करू? आणि एवढ्याने भागेल का?

उत्तर:

मेलने भागणार नाही, पण त्याकडे शेवटी येते. सुरुवात मात्र व्याख्या लिहिण्यापासून करू नका. तिन्ही खात्यांना एका खोलीत बसवून ‘ॲक्टिव्ह म्हणजे काय’ विचारलंत, तर दीड तास चर्चा होईल आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची व्याख्या पास होईल. आधी आहेत त्या तिन्ही आकड्यांचा मेळ बसवा. फरकातला एक एक ग्राहक कुठून आला हे कळलं की व्याख्येवरचा निम्मा वाद आपोआप मिटतो.

मी हे सकाळी घरपोच दूध देणाऱ्या एका कंपनीत केलं आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिलिव्हरी, दुधाबरोबर दही, ब्रेड, अंडी. ग्राहक ॲपवर दूध लावतो, वॉलेटमध्ये पैसे भरतो आणि रोज डिलिव्हरी झाली की त्यातून पैसे कापले जातात. खालचे आकडे बदलून सोपे केले आहेत, पण फरक याच जागी आणि साधारण याच प्रमाणात होते.

३० जूनचे आकडे असे होते. मार्केटिंग ६१,४००, ऑपरेशन्स ५२,३००, फायनान्स ४६,९००.

तारीख ३० जून मुद्दाम निवडली. जून तीस दिवसांचा, त्यामुळे ‘या महिन्यात’ आणि ‘गेल्या ३० दिवसांत’ या दोन्हींचा अर्थ त्या दिवशी एकच होतो आणि फरकाचं एक कारण आपोआप बाजूला पडतं. मेळ बसवताना असा सोपा दिवस शोधा. गुंता नंतर एकेक करून वाढवता येतो.

काम सरळ आहे. प्रत्येक डॅशबोर्डमागची क्वेरी काढायची आणि तिच्याकडून बेरीज न घेता ग्राहकांची यादी घ्यायची. मग तिन्ही याद्या full outer join ने जोडायच्या. प्रत्येक ग्राहकापुढे तो कोणत्या यादीत आहे आणि कोणत्या नाही हे दिसतं. ‘मार्केटिंगमध्ये आहे, ऑपरेशन्समध्ये नाही’ असे गठ्ठे पडतात, आणि प्रत्येक गठ्ठ्यातले वीस ग्राहक उघडून हाताने बघायचे. वीस पुरतात. पंधराव्या ग्राहकापर्यंत कारण लक्षात येतं. लक्षात आलं नाही तर त्या गठ्ठ्यात दोन कारणं मिसळली आहेत असं समजून तो पुन्हा फोडायचा. आम्हाला या कामाला चार दिवस लागले आणि त्यातला एक दिवस मार्केटिंगची खरी क्वेरी कोणाकडे आहे हे शोधण्यात गेला.

ऑपरेशन्सचे ५२,३०० आधी घेते, कारण तो सगळ्यात सरळ निघाला. ते सबस्क्रिप्शन मोजत होते. दूध एक, दही वेगळं, म्हणून एकच घर दोनदा यायचं. त्याचे २,९०० गेले. सोसायटीचं गेट बंद, फोन उचलला नाही, पिशवी परत आली, अशा फेऱ्यासुद्धा त्यांच्याकडे मोजल्या जात होत्या, कारण रायडर तर तिथवर गेला होता! ज्यांच्याकडे त्या काळात अशा फुकट गेलेल्या फेऱ्यांशिवाय काहीच नव्हतं असे ६४०. आणखी ३५० म्हणजे टेस्ट अकाउंट आणि फुकट सॅम्पलवाले. राहिले २१०, ते मला दोन तास सापडेनात. शेवटी क्वेरीतली ही ओळ दिसली:

```sql
where delivery_date between current_date - 30 and current_date
```

between दोन्ही टोकं धरतं. ३० वजा केले की ३१ मे पासून ३० जूनपर्यंत एकतीस दिवस होतात. ‘गेले ३० दिवस’ हवे असतील तर २९ वजा करायचे. ही चूक मी आजवर चार कंपन्यांत पाहिली आहे, त्यातल्या एकीत ती माझीच होती. सगळं वजा जाता ४८,२०० उरले.

फायनान्सचे ४६,९०० दुसऱ्या बाजूने यायचे होते. ते जूनमध्ये रिचार्ज केलेली वॉलेट मोजत होते. त्यांच्या दृष्टीने बरोबरच, पैसे आले तो ग्राहक. पण मे महिन्यात दोन हजार रुपये भरून जूनभर निवांत दूध घेणारी ४,१०० घरं त्यांच्या यादीत नव्हतीच. उलट जूनच्या शेवटी रिचार्ज केलं पण दूध जुलैपासून लावलं, किंवा रिचार्ज करून गावी गेले, असे १,९०० होते. शिवाय ऑफिसांच्या पँट्री आणि चहाच्या टपऱ्या मिळून ९०० खाती होती. त्यांचा माल वेगळ्या गाडीने, वेगळ्या दराने जायचा, ऑपरेशन्सच्या यादीत ती कधी नव्हतीच. ४६,९०० मध्ये ४,१०० मिळवा, १,९०० आणि ९०० काढा. पुन्हा ४८,२००.

मार्केटिंगचे ६१,४०० म्हणजे गेल्या ३० दिवसांत ॲप उघडलेले फोन नंबर. ॲप उघडलं, भाव बघितले, बंद केलं, काहीच घेतलं नाही, असे १४,६००. एकाच वॉलेटवर नवरा-बायको दोघांचे नंबर, किंवा मुलाने आईच्या नंबरवरून घेतलेलं लॉगिन, असे ३,९०० जादा नंबर. हे दोन्ही अपेक्षित होते. पण ५,३०० घरं अशी निघाली की जी रोज दूध घेतात आणि महिनाभर ॲप उघडतच नाहीत. का उघडतील? दूध लावलेलं आहे, वॉलेट ऑटो-रिचार्जवर आहे, सकाळी दाराला पिशवी असते. मार्केटिंगच्या व्याख्येत ही घरं ‘झोपलेली’ होती, म्हणून त्यांना दर पंधरवड्याला ‘तुमची आठवण येते’ असा मेसेज आणि पन्नास रुपयांचं कूपन जात होतं. दादरच्या एका आजोबांनी कस्टमर केअरला फोन करून विचारलं होतं, “अहो, रोज येता की! आठवण कसली येते?” तो कॉल मी ऐकला आणि मीटिंगमध्ये तेवढाच सांगितला. त्यानंतर मार्केटिंगशी वाद घालावा लागला नाही. हिशेब: ६१,४०० वजा १४,६००, अधिक ५,३००, वजा ३,९००. तोच ४८,२००.

असा मेळ बसला की मीटिंगमधला सूर बदलतो. तोवर प्रत्येकाला वाटत असतं की दुसऱ्याचा डेटा खराब आहे. आता दिसतं की तिघांचे आकडे आपापल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देत होते, फक्त तिघांनी त्याला एकच नाव दिलं होतं. (ते एकतीस दिवस सोडून. ती चूकच.)

यानंतर व्याख्या. आम्ही ठरवलं, पैसे मोजून घेतलेली डिलिव्हरी घरी पोचली तर ग्राहक सक्रिय. कारण हा आकडा मुख्यतः दोन ठिकाणी लागत होता, दर ग्राहकामागचा खर्च काढायला आणि नवीन भाग उघडायचा की नाही ते ठरवायला. दोन्हीत प्रश्न ‘किती घरांना आपण खरंच माल देतोय’ हाच होता. तुमच्याकडे आकड्याचा उपयोग वेगळा असेल तर व्याख्याही वेगळी होईल. आमची उचलू नका.

ग्राहक म्हणजे कोण, यावर जास्त वेळ गेला. फोन नंबर, घर की वॉलेट? कोणीतरी सुचवलं, पत्ता धरा, एक फ्लॅट एक ग्राहक. ऐकायला छान वाटतं. पण मुंबईत एकच पत्ता ‘बी/३०२’, ‘बी विंग ३०२’, ‘३०२ बी, तिसरा मजला, मारुती मंदिरासमोर’ असा दहा तऱ्हांनी लिहिलेला असतो. आणि समजा सगळे पत्ते स्वच्छ केलेत, तरी भाड्याचे करार अकरा महिन्यांचे. जुना भाडेकरू जातो, नवा येतो, दूध दोघंही आपल्याकडूनच घेतात, आणि पत्त्याप्रमाणे ते एकच जुने निष्ठावान ग्राहक ठरतात. म्हणून वॉलेट धरलं. घरातली माणसं एकाच वॉलेटला जोडलेली असतात आणि भाडेकरू गेला की आपलं वॉलेट बरोबर घेऊन जातो. यातही भोक आहे. रूममेट तिघं असतील आणि तिघांची तीन वॉलेट असतील तर एक घर तीनदा मोजलं जातं. ते आम्ही मान्य केलं आणि तसं ग्लॉसरीत लिहून ठेवलं.

किती दिवसांची खिडकी? हे मतावर सोडू नका, डेटात बघा. प्रत्येक ग्राहकाच्या दोन डिलिव्हऱ्यांमध्ये किती दिवसांचं अंतर पडतं ते गेल्या वर्षभराचं काढा, आणि त्यातून जे परत आले त्यांची अंतरं वेगळी बघा. आमच्याकडे नेहमीचं अंतर एक-दोन दिवसांचं, पण मे महिन्यात आणि गणपतीत लोक गावी जातात आणि दूध बंद ठेवतात. मेमधली सुट्टी बऱ्याचदा तीन-साडेतीन आठवड्यांची असते. सात दिवसांची खिडकी धरली असती तर दर मे महिन्यात अर्धी मुंबई सोडून गेल्यासारखं दिसलं असतं. ९० दिवस धरले असते तर खरोखर सोडून गेलेलेही तीन महिने जिवंत दिसले असते. ३० दिवसांत बहुतेक सुट्ट्या मावल्या. कॅलेंडर महिना आम्ही मुद्दाम टाळला, कारण फेब्रुवारीत दिवस कमी म्हणून आकडा पडतो, मार्चमध्ये दिवस वाढले म्हणून चढतो, आणि कुणीतरी त्या चढण्याचं श्रेय घेतो.

दूध बंद ठेवून गावी गेलेला ग्राहक तिसाव्या दिवसानंतर सक्रिय आकड्यातून बाहेर पडतो. ऑपरेशन्सला हे पटेना. “तो आपलाच आहे, पंधरा तारखेला परत येतोय, ॲपमध्ये तारीखसुद्धा टाकलीय.” खरं आहे. पण त्याला सक्रियमध्ये घुसवायचं नाही, ‘विरामावर’ असा त्याचा वेगळा आकडा काढायचा. परत येण्याची तारीख टाकलेली आणि अजून न आलेली वॉलेट. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की मे महिन्यातली घसरण कशाची आहे ते लगेच दिसतं.

ग्लॉसरीतली नोंद शेवटी अशी झाली. लांबी बघा, एवढीच असू द्या:

सक्रिय ग्राहक (३० दिवस). दिलेल्या तारखेला धरून मागच्या ३० दिवसांत किमान एक पैसे मोजलेली घरपोच डिलिव्हरी पोचलेलं वॉलेट.
दिवस: भारतीय वेळेप्रमाणे, डिलिव्हरी पोचल्याची तारीख.
मोजत नाही: ऑफिस आणि टपऱ्या, फुकट सॅम्पल, टेस्ट खाती, परत आलेली किंवा नंतर रद्द झालेली डिलिव्हरी.
बेरीज: भागांची किंवा दिवसांची बेरीज करून एकूण आकडा काढू नये.
पक्का कधी: तीन दिवसांनी. त्यानंतर बदलत नाही.
कुठे मोजला जातो: active_customers_30d, दुसरीकडे कुठेही नाही.
कोणाला विचारायचं: ऑपरेशन्समधल्या एका माणसाचं नाव. खात्याचं नाही, माणसाचं.
माहीत असलेली त्रुटी: एका घरात दोन वॉलेट असतील तर ते घर दोनदा येतं.

आणि यामागचा व्ह्यू, पोस्टग्रेसमध्ये:

```sql
create view active_customers_30d as
select c.as_of,
       count(distinct d.wallet_id) as active_customers
from calendar c
join deliveries_ist d
  on d.delivered_on between c.as_of - 29 and c.as_of
where d.status = 'delivered'
  and d.channel = 'home'
  and d.amount > 0
  and not d.is_test
group by c.as_of;
```

नोंदीतल्या दोन ओळींवर थोडं थांबते, कारण ग्लॉसरी लिहिताना त्या सहसा सुटतात.

पहिली, भारतीय वेळ. डिलिव्हरीची वेळ आमच्या डेटाबेसमध्ये timestamptz मध्ये होती, जशी असावी तशी. व्ह्यूच्या पहिल्या आवृत्तीत तारीख काढायला मी नुसतं delivered_at::date लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर उत्तर आलं ४८,२००, मेळाशी तंतोतंत. तोच व्ह्यू डॅशबोर्डवर लावला तर ४८,९००. अक्षर न् अक्षर तेच, तरी दोन आकडे. कारण तारखेत रूपांतर करताना पोस्टग्रेस सेशनचा टाइमझोन वापरतं. माझ्या टूलने सेशन भारतीय वेळेवर ठेवलं होतं, डॅशबोर्डच्या सर्व्हरने यूटीसीवर.

साडेपाच तासांचा फरक कोणत्याही धंद्यात त्रास देतो, पण दुधाच्या धंद्यात तो नेमका वर्मावर बसतो. आमच्या डिलिव्हऱ्या पहाटे चार ते सातच्या. भारतीय वेळेचे साडेपाच म्हणजे यूटीसीची मध्यरात्र. १ जुलैला पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी पोचलेलं दूध यूटीसीत ३० जूनच्या रात्री ११:२० ला पोचलेलं असतं. रोज दूध घेणाऱ्याने काही बिघडत नाही, तो तसाही जूनमध्ये मोजला गेलेला असतो. पण लोक नवीन दूध कधी लावतात? एक तारखेपासून! जादा आलेल्या ७०० पैकी वीस उघडले, वीसच्या वीस जणांची पहिली डिलिव्हरी १ जुलैच्या पहाटेची. म्हणून टाइमझोन सेशनवर सोडायचा नाही, तो deliveries_ist मध्ये एकदाच लिहून टाकायचा:

```sql
(delivered_at at time zone 'Asia/Kolkata')::date as delivered_on
```

तुमचा कॉलम timestamptz आहे की साधा timestamp, हे मात्र आधी बघा. साध्या timestamp मध्ये यूटीसी वेळ भरलेली असेल तर वरची ओळ उलटं काम करते. ती वेळ भारतीयच आहे असं धरून चालते. तिथे आधी at time zone 'UTC' आणि मग at time zone 'Asia/Kolkata' असं दोनदा लिहावं लागतं. ताडून बघायला पहाटे पाचच्या आसपासची, तुम्हाला स्वतःला माहीत असलेली एक डिलिव्हरी घ्या. मी माझ्याच घरच्या दुधावर बघते.

दुसरी ओळ बेरजेची. भागवार डॅशबोर्डवर मुंबई २७,९००, ठाणे ११,४५०, नवी मुंबई ९,२२० दिसत होते. कुणीतरी कॅल्क्युलेटर काढला, ४८,५७० आले, आणि ‘पुन्हा आकडे जुळत नाहीत’ अशी बोंब झाली. यात चूक कुठेच नव्हती. ३० दिवसांत घर बदलून दादरहून ठाण्याला गेलेलं कुटुंब दोन्ही भागांत खरोखरच सक्रिय होतं. अशी घरं, आणि दोन पत्त्यांवर दूध मागवणारी काही, मिळून ३७० होती. यावर दोन उपाय आहेत. एक तर प्रत्येक ग्राहकाला त्याच्या शेवटच्या डिलिव्हरीचा भाग द्यायचा, म्हणजे बेरीज जुळते. किंवा बेरीज जुळणार नाही असं डॅशबोर्डवर आकड्याच्या खालीच लिहायचं. आम्ही पहिला घेतला, कारण कॅल्क्युलेटर काढणारी माणसं तळटीप वाचत नाहीत. रोजच्या आकड्यांची बेरीज करून महिन्याचा आकडा काढण्यातही हीच चूक आहे, फक्त कितीतरी पट मोठी.

‘पक्का कधी’ ही ओळ छोटी आहे. ग्राहक दोन दिवसांनी तक्रार करतो की त्या दिवशी दूध आलंच नव्हतं, पैसे परत जातात, डिलिव्हरी रद्द होते. म्हणजे ३० जूनचा आकडा १ जुलैला एक आणि ३ जुलैला थोडा वेगळा. तीन दिवसांनी तो एका टेबलात लिहून ठेवायचा आणि जुन्या तारखांसाठी डॅशबोर्डने तेच टेबल वाचायचं. नाहीतर जूनचा अहवाल सप्टेंबरमध्ये कुणी उघडला की पुन्हा तुमची हजेरी.

आता मेल. मेलने का भागत नाही? ग्लॉसरीत व्याख्या लिहिली तरी जुन्या डॅशबोर्डांवर ‘ॲक्टिव्ह कस्टमर’ हे शब्द तसेच राहतात. व्याख्या आम्ही अर्ध्या दिवसात लिहिली. ते शब्द बाकीच्यांकडून काढून घ्यायला दीड महिना लागला. काढून घेताना बदल्यात नाव द्यावं लागतं, नाहीतर कोणी सोडत नाही. मार्केटिंगच्या आकड्याचं नाव ‘ॲप उघडणारे नंबर’ झालं, फायनान्सचा ‘रिचार्ज केलेली वॉलेट’, ऑपरेशन्सचा ‘चालू सबस्क्रिप्शन’. तिन्ही ग्लॉसरीत गेले, आपापल्या व्याख्येसह आणि आपापल्या माणसाच्या नावासह. कोणाचा आकडा मारला नाही म्हणून कोणी फार भांडलंही नाही.

भांडण झालं ते एमडींच्या केबिनमध्ये. त्यांच्या स्क्रीनवर इतके दिवस मार्केटिंगचा ६१,४०० होता. सोमवारी तिथे ४८,२०० दिसले. “तेरा हजार ग्राहक एका आठवड्यात गेले कुठे?” हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. तुम्ही तसं करू नका. नवा आकडा लावण्याच्या आठवडाभर आधी वरचा मेळ एका पानावर द्या, आणि नव्या व्याख्येने मागच्या बारा महिन्यांचेही आकडे काढून ठेवा, म्हणजे आलेख मध्येच कड्यावरून पडल्यासारखा दिसत नाही. तीन महिने जुना आकडा नव्या नावाने शेजारी राहू द्या. पुढे व्याख्या बदलावी लागलीच, तरी असंच करायचं. जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यापुढे ‘अमुक तारखेपर्यंत’ लिहायचं.

लावून झाल्यावरही एका डॅशबोर्डवर रोज दोनेक हजार कमी दिसायचे. व्ह्यू तोच, तारीख तीच. पानावर आधीच्या कोणीतरी लावलेला एक फिल्टर लपला होता, नवी मुंबईतले दोन पिनकोड वगळणारा. तेव्हापासून सगळ्या डॅशबोर्डांवरचा तो एक आकडा रोज सकाळी व्ह्यूशी ताडून बघणारं छोटं स्क्रिप्ट चालतं आणि फरक दिसला तर माझ्या फोनवर येतं. ‘आज’ची तारीखही आम्ही डॅशबोर्डांवरून काढली, कालपर्यंतच दाखवतो. बेसमेंटमध्ये नेटवर्क नसलं की रायडरच्या फोनमधल्या नोंदी दुपारी सिंक होतात, त्यामुळे सकाळी दहाचा आकडा आणि दुपारी दोनचा आकडा कधीच सारखा येत नाही.

शेवटचं पाऊल परवानगीचं, आणि ते टाळू नका. डॅशबोर्ड ज्या लॉगिनने डेटाबेसला जोडतात त्याला मूळ टेबल दिसत राहिलं, तर महिन्याभरात कुणीतरी ‘थोडी वेगळी’ क्वेरी लिहिणारच. आम्ही revoke select on deliveries from bi_reader चालवलं. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू एरवी आपल्या मालकाच्या हक्काने वाचतो, त्यामुळे मूळ टेबल बंद झालं तरी व्ह्यूवरचे डॅशबोर्ड चालू राहतात, आणि जे थेट टेबलावर बसले होते तेवढेच तुटतात. सकाळची वेळ निवडा, शुक्रवार संध्याकाळ नको. आम्ही मंगळवारी नऊला केलं आणि अकरापर्यंत चार फोन आले. तीन ओळखीचे होते. चौथा भिवंडीच्या गोदामातून, तिथल्या सुपरवायझरचा. “मॅडम, माझी शीट रिकामी आली.” त्यांची एक एक्सेल शीट दोन वर्षं त्या टेबलाला जोडलेली होती आणि आमच्यापैकी कोणालाच ती माहीत नव्हती. तिच्यात एका कॉलमचं नाव ‘ॲक्टिव्ह कस्टमर’ होतं. दुपारी तिच्यावरून ते दुसऱ्या दिवशी पहाटे किती क्रेट लावायचे ते ठरवत. त्यांना गेल्या ३० दिवसांशी देणंघेणं नव्हतं. उद्या दूध जाणारी घरं हवी होती, गावाहून परत येणारी धरून. त्यांचा वेगळा व्ह्यू दुपारी तीनच्या आत करून दिला, कारण क्रेट थांबत नाहीत. ग्लॉसरीत त्याचं नाव त्यांनीच सांगितलं: ‘उद्याची घरं’.